आडवी बाटली हरल्यावर: मोहिमेची नोंद कशी लिहायची

आमच्या गावातलं परवानाधारक दारूदुकान बंद व्हावं म्हणून बायकांचं मतदान झालं. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी मोजणी संपली तेव्हा दुकान बंद करा म्हणणाऱ्या आडव्या बाटलीला ५७३ मतं होती आणि चालू ठेवा म्हणणाऱ्या उभ्या बाटलीला ८१. तरी दुकान चालूच राहिलं. शाळेच्या पटांगणात बायका एकमेकींना विचारत होत्या, "अगं, आपली मतं जास्त आहेत ना? मग हरलो कशा?" त्या रात्री कुणाकडेच याचं नीट उत्तर नव्हतं. ते आम्ही पुढच्या तीन आठवड्यांत कागदावर शोधलं. ज्या गावांत असं मतदान हरलं आहे आणि आता काय करायचं हे सुचत नाहीये, तिथल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी ती नोंद कशी लिहिली ते सांगते.

आधी नियम. तो समजल्याशिवाय नोंद लिहायला बसू नका, कारण सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतलं जातं. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात. पण कशाच्या निम्म्या? झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीत असलेल्या एकूण महिला मतदारांच्या. आमच्या यादीत १२१४ बायकांची नावं होती. त्याचे निम्मे ६०७, म्हणजे जिंकायला ६०८ मतं हवी होती. आम्हाला ३५ कमी पडली.

पहिली पायरी: आठ दिवसांत कागद गोळा करा, मतं नंतर

हरल्यावर पहिल्या दोन दिवसांत जी बैठक होते, तिच्यात नोंद लिहू नका. आमच्या बैठकीत पहिल्या पाच मिनिटांतच निकाल लागला होता: दुकानदारानं पैसे वाटले, अमुक आळीनं दगा दिला, सरपंच आतून त्यांचाच. ते बोलणं होऊ द्यावं, माणसाला ते बाहेर काढावंच लागतं. फक्त त्यातलं काही वहीत उतरवू नये. त्याऐवजी एकच काम वाटून घ्यावं, कागद जमवण्याचं.

आम्हाला चार कागद लागले. ज्या मतदारयादीवर मतदान झालं ती यादी, आमच्या सह्यांच्या अर्जाची झेरॉक्स, केंद्राबाहेर बसलेल्या आमच्या बायकांनी आलेल्या मतदारांवर खुणा केलेली यादी, आणि मोजणीला हजर असलेल्या दोघींनी लिहून घेतलेले आकडे. यातली खुणा केलेली यादी सगळ्यात मोलाची. आमच्याकडे ती दुपारी एक ते दोनच्या दरम्यान अर्धवट होती, कारण बसलेली मुलगी जेवायला गेली आणि तिच्या जागी कुणी बसलं नाही. त्या तासाभरातल्या बायकांना नंतर घरी जाऊन विचारावं लागलं. तुमच्याकडे अशी यादीच नसेल तर नोंदीत तसं स्पष्ट लिहा आणि "बसणाऱ्या दोघी, आळीपाळीनं" हा पुढच्या वेळचा पहिला बदल समजा.

दुसरी पायरी: आल्या नाहीत त्यांचे ढीग करा

मी स्वतः चुकले ती जागा हीच. मी आधी ८१ चा विचार करत बसले होते. कोण असतील त्या, कशानं फुटल्या असतील? मग आमच्या बचत गटाचा हिशेब लिहिणारी वहिनी म्हणाली, "ताई, त्या ८१ जणी त्या दिवशी घरीच बसल्या असत्या तरी आपले ५७३ च राहिले असते." अगदी खरं होतं. या मतदानात विरोधी मत आणि न आलेलं मत यांचं वजन सारखंच. उभ्या बाटलीला प्रचार करायची गरजसुद्धा नसते, बायका घरी राहिल्या की तिचं काम झालं. म्हणून नोंदीतला सगळ्यात मोठा भाग न आलेल्यांचा असला पाहिजे.

मतदान ६७१ जणींनी केलं, त्यात १७ मतं बाद. राहिल्या ५४३. त्या यादीतल्या एकेका नावावर बोट ठेवून, प्रत्येक आळीतल्या दोन जाणत्या बायकांना जवळ बसवून, आम्ही पाच ढीग केले. मयत पण नाव तसंच: ३८. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली: ८७. पुण्या-मुंबईला कायमच्या राहायला गेलेल्या: ९६. ऊसतोडीला गेलेल्या: १४८. आणि गावातच असून न आलेल्या: १७४.

ढीग करताना एक पथ्य पाळा. "ती कशाला येतेय, ती तर त्यांचीच" असं कुणी म्हणालं तर ते ढिगाचं नाव होऊ शकत नाही. बाई त्या दिवशी कुठे होती, एवढंच विचारायचं. ती कुणाची आहे हा प्रश्न या कागदावर नको.

तिसरी पायरी: प्रत्येक ढिगामागचा आपला निर्णय शोधा

ढीग म्हणजे फक्त परिस्थिती. "बायका ऊसतोडीला गेल्या होत्या" एवढं लिहून थांबलं तर ती नोंद होत नाही, ती सबब होते. पुढचा प्रश्न विचारायचा: आम्ही कोणता निर्णय घेतला, किंवा घ्यायचा राहिला, म्हणून हा ढीग आमच्या विरोधात गेला?

आमचं उत्तर सह्यांच्या अर्जात सापडलं. पोळ्याच्या दिवशी दुकानासमोर मोठी मारामारी झाली होती. गाव पेटलेलं होतं, म्हणून आम्ही लगेच सह्या घ्यायला लागलो. २५ टक्क्यांच्या हिशेबानं ३०४ सह्या पुरेशा होत्या, आम्ही ६४२ मिळवल्या. हा आकडा ६०८ पेक्षा जास्त. तेव्हाच आमच्या डोक्यात पक्कं बसलं की मतदान ही आता औपचारिकता आहे. अर्ज सप्टेंबरच्या शेवटी दिला. दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या गाडीत बसून कारखान्यांवर गेल्या, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. पडताळणी नोव्हेंबरात झाली, मतदान जानेवारीत. गाळप ऐन भरात असताना.

मग आम्ही सह्यांची यादी आणि खुणांची यादी शेजारी ठेवून नावं जुळवली. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. सही केलेल्या ६४२ पैकी १२४ जणी मतदानाला आल्याच नव्हत्या, आणि त्यातल्या ९१ ऊसतोडीवर होत्या. आम्ही हरलो ३५ मतांनी. ज्या बायकांनी पोळ्यानंतर रागानं, मनापासून सही केली होती, त्यांना मतदान करता येणार नाही अशा वेळी आम्ही मतदान ओढवून घेतलं होतं. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. पण नोंदीतलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच ठरलं.

"बोलावून घ्यायचं ना मग त्यांना" असं कुणीतरी म्हणेल. आम्हीही आयत्या वेळी फोन केले. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीवर गेलेली असते. मतदानाला येऊन परत जायचं म्हणजे दोन-तीन दिवसांचा खाडा, तो हिशेबातून कापला जातो, शिवाय प्रवासाचं भाडं वेगळं. चार जणी तरीही आल्या. त्यांच्या येण्याचा खर्च आम्ही आधी विचारलाही नव्हता, हे नोंदीत लिहिलं.

बाकीच्या ढिगांचं थोडक्यात सांगते. मयत आणि सासरी गेलेल्यांची नावं ही यादीची चूक, पण यादी आधी वाचली नाही ही आमची. नुसती ३८ मयतांची नावं वेळेत कमी झाली असती तर लागणारी मतं ६०८ वरून ५८९ वर आली असती. सासरी गेलेल्यांपैकी ४० जणींनी जरी आपलं नाव सासरच्या गावी हलवून घेतलं असतं, तर ती आणखी खाली येऊन ५६९ झाली असती. आम्हाला ५७३ होती. म्हणजे एकही नवं मत न मिळवता, केवळ यादी खरी करून, दुकान बंद झालं असतं.

गावातच असून न आलेल्या १७४ जणींकडे आम्ही दारोदार गेलो. सगळ्यात जास्त बायका रोजंदारीवर गेल्या होत्या. मतदान कामाच्या दिवशी होतं, आणि ज्यांच्या शेतात त्या गेल्या होत्या त्या घरांतल्या बायका मात्र मत देऊन गेल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की तासभर मजूर बायकांना सोडा. त्याखालोखाल वस्तीवरच्या म्हाताऱ्या, ज्यांना तीन किलोमीटर चालवत नव्हतं. काहींना घरातून पाठवलं नव्हतं. काहींनी कारण सांगितलं नाही, आणि आम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

१७ बाद मतांवरही दोन ओळी लिहा. मोजणीला बसलेल्या आक्कांनी पाहिलं होतं की काही कागदांवर दोन्ही चित्रांवर शिक्के होते, काहींवर शिक्क्याऐवजी अंगठा. आम्ही प्रचारात आडवी बाटली ओळखायला शिकवलं, शिक्का कसा मारायचा ते शिकवलं नाही. आमच्या डोक्यात ते सगळ्यांना येत असणार असं होतं.

चौथी पायरी: कळलेलं, वाटलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा

आमच्या नोंदीत तीन रकाने होते. पहिल्यात ज्याला कागदाचा आधार आहे ते: आकडे, तारखा, यादीतली नावं. दुसऱ्यात आमचा अंदाज, "बहुधा" लावून. तिसऱ्यात ऐकीव गोष्टी. पैसे वाटल्याची गोष्ट तिसऱ्या रकान्यात गेली. बऱ्याच जणींना ते आवडलं नाही. पण पैसे घेतलेली किंवा वाटताना पाहिलेली एकही बाई आमच्यासमोर बोलली नव्हती. आणि समजा वाटले असतील, तरी त्यावर पुढच्या वेळी आम्ही काय वेगळं करणार होतो? नोव्हेंबरात यादी वाचणं मात्र आमच्या हातात होतं. ऐकीव रकाना पुसू नका, पण त्याच्यावरून कुठलाही बदल ठरवू नका.

एखाद्या गोष्टीचा आकड्यावर परिणाम झाला असेल का, हे असं तपासता येतं: ती गोष्ट घडली नसती तर किती मतं वाढली असती, आणि ती ३५ च्या जवळ जातात का? शेवटच्या दिवशीची फेरी पावसानं रद्द झाली याचं दुःख आम्हाला फार होतं. पण त्या फेरीच्या वाटेवरच्या आळीत मतदान सगळ्यात चांगलं झालं होतं. ती ओळ आम्ही काढून टाकली.

पाचवी पायरी: नावं कुठे लिहायची नाहीत

यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. मतदान गुप्त आहे आणि गाव लहान आहे. कुणी उभ्या बाटलीला मत दिलं असेल याचा अंदाज कागदावर, फोनवर, कुठेही लिहू नका. घरातून पाठवलं नाही असं सांगणाऱ्या बायकांची नावं तर अजिबात नकोत. असा कागद दुकानदाराच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या हाती लागला तर त्याचे परिणाम तिला रात्री भोगावे लागतात. आम्ही अशा बायकांची फक्त संख्या लिहिली. नाव जुळवण्यासाठी वापरलेल्या याद्या काम संपल्यावर एकीच्या पेटीत कुलूपबंद ठेवल्या, त्यांचा फोटो कुणालाही काढू दिला नाही. नोंदीच्या दोन प्रती केल्या. एक कार्यकर्त्यांची, सविस्तर. दुसरी दोन पानांची, वाचून दाखवण्याची, ज्यात आळींचीही नावं नव्हती.

चूक कुणाची तेही पदानं लिहा, माणसानं नाही. "केंद्राबाहेर दुपारी बसायला दुसरी बाई ठरवली नव्हती" एवढं पुरतं. जेवायला गेलेल्या मुलीचं नाव लिहून काय मिळणार? ती एकोणीस वर्षांची होती आणि सकाळी सहापासून बसली होती.

सहावी पायरी: बदल असा लिहा की तो झाला की नाही हे दिसेल

"पुढच्या वेळी जास्त जागृती करू" हा बदल नव्हे. आमच्या पहिल्या मसुद्यात अशी सात वाक्यं होती. ती खोडून चार बदल ठेवले, प्रत्येकापुढे कुणी, कधीपर्यंत आणि कशावरून कळणार हे लिहून. त्यातले दोन इथे जसेच्या तसे देते, त्यात नमुना म्हणजे मतदारयादीचा अर्ज आणि बीएलओ म्हणजे गावात मतदारयादीचं काम बघणारा अधिकारी:

"यादी. प्रत्येक आळीच्या दोघींनी फेब्रुवारीअखेर यादी वाचायची. मयतांसाठी मृत्यूदाखला जोडून नमुना ७, सासरी गेलेल्या मुलींना फोन करून त्यांनीच तिकडे नमुना ८ भरावा अशी विनंती, नव्या सुना आणि १८ पूर्ण झालेल्या मुलींसाठी नमुना ६ किंवा ८, जो लागू असेल तो. अर्ज बीएलओकडे दिल्याची तारीख वहीत. नवी यादी आली की मयत नावं पुन्हा मोजायची. दहाच्या आत आली तर काम झालं.

वेळ. पुढचा अर्ज कोणत्या तारखेनंतर घेतला जाईल हे राज्य उत्पादन शुल्क कार्यालयाकडून लेखी घ्यायचं. मतदान पेरणी उरकल्यानंतर आणि दसऱ्याच्या आधी पडेल अशा बेतानं अर्ज द्यायचा. मागच्या वेळी अर्जापासून मतदानाला सुमारे चार महिने लागले, तो काळ धरून मागे मोजायचं."

यादीच्या बदलात एक धोका आहे, तो आम्ही नोंदीतच लिहून ठेवला. लागणारी मतं कमी व्हावीत म्हणून ऊसतोडीला गेलेल्यांची नावं काढायचा अर्ज कुणीही करायचा नाही. त्या सहा महिने बाहेर असल्या तरी गावच्याच आहेत, त्यांचं घर इथे आहे आणि ग्रामपंचायतीपासून सगळी मतदानं त्या इथेच करतात. एका उत्साही पोरानं हा सल्ला दिला होता. हेतू वाईट नव्हता त्याचा, पण तसं केलं असतं तर ज्यांच्यासाठी लढतो त्यांचाच हक्क आम्ही काढून घेतला असता.

वेळेच्या बदलावरही बराच वाद झाला. पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात, मग उन्हाळ्यात का नको? कारण मे म्हणजे लग्नसराई, बायका गावात कमी आणि वऱ्हाडात जास्त. जूनमध्ये पेरणी. राहिला जुलै ते सप्टेंबर, त्यातही नागपंचमीच्या आसपास लेकी-सुना माहेरी जातात. तारीख ठरवणं प्रशासनाच्या हातात असतं, त्यामुळे हवा तोच दिवस मिळेल असं नाही. पण अर्ज कधी द्यायचा हे आपल्या हातात आहे, आणि अडचणीचे आठवडे कोणते हे अर्जासोबत लेखी कळवता येतं.

उरलेले दोन बदल साधे आहेत. मजूर सांगणाऱ्या घरांना मतदानाच्या आधी भेटून तासभर सुट्टीचा शब्द घ्यायचा आणि वस्त्यांवर दोन रिक्षा ठरवायच्या. आणि शेवटच्या पंधरवड्यात प्रत्येक बचत गटाच्या बैठकीत कोऱ्या कागदावर दोन बाटल्या काढून खरा शिक्का मारून बघायचा, प्रत्येकीनं एकदा.

सातवी पायरी: वाचून दाखवा आणि दुरुस्त होऊ द्या

दोन पानांची प्रत आम्ही मारुतीच्या पारावर वाचली नाही, कारण समोरच दुकान. अंगणवाडीत वाचली, तीनदा, वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे रोजानं जाणाऱ्यांनाही येता येईल. सुरुवात हिशेबानं केली: यादीत इतक्या, लागणार इतकी, मिळाली इतकी. खडूनं फळ्यावर. "शंभर जणी आल्या त्यातल्या पंच्याऐंशी आपल्या होत्या" हे कळल्यावर बायकांच्या चेहऱ्यावरचा तो पराभवाचा भाव बदलला, कारण गावातल्या बायकांनाच दुकान हवंय असं जे दुकानदाराची माणसं सांगत फिरत होती ते खोटं आहे हे त्यांनी स्वतः मोजून पाहिलं.

दुसऱ्या वाचनाला एक काकू उठून म्हणाल्या की तुमचं एक चुकलंय. वस्तीवरच्या म्हाताऱ्या चालवत नाही म्हणून आल्या नाहीत असं तुम्ही लिहिलंय, पण आमच्याकडे मतदानाची चिठ्ठीच आली नव्हती, आम्हाला तारीख आदल्या रात्री कळली. आम्ही वस्तीवर पुन्हा गेलो. अकरा घरांत तसंच झालं होतं. नोंदीत त्या ठिकाणी रेघ मारून नवी ओळ लिहिली, जुनी ओळ वाचता येईल अशी ठेवली आणि शेजारी तारीख टाकली. तिसऱ्या वाचनाला ऊसतोडीच्या बायका नव्हत्या, कारण त्या अजून फडातच होत्या. त्यांच्यासाठी चौथं वाचन पट्टा पडल्यावर ठेवलं आहे, आणि त्यांचं म्हणणं लिहायला नोंदीचं शेवटचं पान कोरं सोडलं आहे.